मंगळवारच्या ऑर्डरआधीचा एक कागद

तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान डोळ्यासमोर आणू. बिलिंगच्या प्रोग्राममध्ये अकराशे वस्तू, रोजची विक्री साधारण तीस हजार, शनिवारी आठवडी बाजार. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन मंगळवारी येऊन ऑर्डर घेतो आणि गुरुवारी टेम्पो माल टाकून जातो. मालकाला आठवड्यात खरे निर्णय चारच घ्यायचे असतात. काय आणि किती मागवायचं, कुणाकडे पैसे मागायचे, कुणाला पैसे द्यायचे, आणि कुठला माल मुदत संपायच्या आत काढून टाकायचा. बाकी दिवसभर जे चालतं ते गिऱ्हाईक आणि तराजू.

त्या बिलिंग प्रोग्राममध्ये ‘रिपोर्ट्स’ नावाचं बटण असतं आणि त्याखाली चाळीसेक अहवाल. शेठ ते उघडत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथला एकही अहवाल ‘आता काय करू’ या प्रश्नावर बोलत नाही. मग एखादा हौशी भाचा पुण्याहून येतो आणि गोल गोल तक्ते, तीन रंगांच्या पट्ट्या, वर्षभराचा आलेख असलेला डॅशबोर्ड बनवून देतो. तो दोन आठवडे कौतुकाने पाहिला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

म्हणून मालकासाठी आठवड्याचा एक पानी कागद बनवताना सुरुवात आकड्यांपासून करू नये, निर्णयांपासून करावी. वर सांगितलेले चार निर्णय कागदावर लिहायचे आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवायचा: हा निर्णय घेताना मालक कोणता आकडा विचारतो? यातून जास्तीत जास्त पाच आकडे निघतात. आठवड्याचा ढोबळ नफा, थकलेली उधारी, संपत आलेला माल, पडून राहिलेला माल, आणि येत्या सात दिवसांच्या देण्यांसमोर हातातली रोकड. ‘एकूण बिलं किती फाडली’, ‘सरासरी बिल केवढं’, ‘सर्वाधिक गर्दी कोणत्या तासाला’ हे आकडे ऐकायला गोड आहेत. पण ते वरखाली झाले म्हणून या दुकानात कुणी काही वेगळं करणार नसेल, तर त्यांना कागदावर जागा नाही.

आठवडाही कॅलेंडरचा घेऊ नये. सेल्समन मंगळवारी सकाळी येत असेल तर हिशेबाचा आठवडा मंगळवार ते सोमवार, आणि कागद सोमवारी रात्री दुकान बंद करताना हातात. रविवारी संपणारा आठवडा धरला तर सोमवारची विक्री ऑर्डरच्या वेळी हिशेबाबाहेर राहते, आणि तो दिवस काही लहान नसतो.

आता पहिला आकडा, ज्यावर सगळ्यात जास्त घसरायला होतं. विक्री मोठ्या अक्षरात दाखवायचा मोह होतो, कारण ती सहज मिळते. पण किराण्यात विक्री फसवी असते. असा एक आठवडा घ्या: जीएसटी वगळून विक्री २,१८,००० आणि आधीच्या आठवड्यात २,०४,०००. मालक खूश. ढोबळ नफा मात्र १९,६००, आणि गेल्या चार आठवड्यांची सरासरी २२,१००. विक्री चौदा हजारांनी वर आणि नफा अडीच हजारांनी खाली, हे कसं? एका खानावळीने तेलाचे सहा डबे २,१५० ने नेले. त्यांची खरेदी २,१२०. विक्रीत १२,९०० ची भर पडली, नफ्यात फक्त १८० ची. दुसरीकडे चहाची पुडी चार दिवस संपलेली होती. रोज पंधरा पुड्या, पुडीमागे वीस रुपये सुटतात, म्हणजे बाराशे बुडाले. तांदळाचा घाऊक भाव किलोमागे दोन रुपयांनी चढला होता, पण दुकानातली भावाची पाटी तीच राहिली. आठवड्याला पाचशे किलो जातो, म्हणून आणखी हजार गेले. उरलेले पाचशेच्या आतले रुपये इकडेतिकडे झाले, त्यांच्यामागे लागू नये. या एका आकड्यातून दोन कामं निघाली: तांदळाचा भाव आज बदला, आणि चहा या वेळी जास्त मागवा. विक्रीच्या आकड्यातून एकही निघालं नसतं.

नफा रुपयांतच दाखवावा, टक्क्यांत नको. शंभरला घेतलेली वस्तू एकशे दहाला विकली की दुकानदार दहा टक्के म्हणतो, कारण तो खरेदीवर मोजतो. बहुतेक प्रोग्राम विक्रीवर मोजतात आणि ९.०९ दाखवतात. दोन्ही बरोबर असतात, आणि तरी मालकाला वाटतं की कॉम्प्युटर पैसे खातोय. रुपयांत हा वाद उरत नाही.

विक्री दाखवायचीच असेल तर ती नफ्याखाली लहान अक्षरात, आणि जीएसटी वगळून. याचं कारण २२ सप्टेंबर २०२५ नंतर प्रत्येक किराणा दुकानाने पाहिलं. त्या दिवसापासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं अशा कितीतरी वस्तूंवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. मूळ शंभराची वस्तू ११८ ऐवजी १०५ ला जाऊ लागली. तेवढेच नग विकले, तेवढाच नफा राहिला, तरी करासकट मोजलेली विक्री त्या वस्तूंपुरती अकरा टक्क्यांनी पडलेली दिसते. असा कागद पाहून कुणी धंदा बसला म्हणून माल कमी मागवला, तर तो कागद नसलेला बरा.

नफ्याचा आकडा खरेदीच्या भावावर उभा असतो, आणि खरेदीची नोंद ही या कामातली सर्वांत कच्ची वीट. स्कीमचंच पाहा. दहावर एक फुकट मिळतो. दहा नगांचे पाचशे रुपये दिले, आले अकरा, म्हणजे खरा भाव ४५.४५. पण नोंद करणारा मुलगा दहा नग पन्नासने चढवतो आणि फुकटचा नग शून्य किमतीने वेगळा टाकतो. मग एका नगावर सगळाच नफा आणि बाकीच्या दहांवर कमी, असं विचित्र चित्र दिसतं. काही दुकानांत फुकटचा नग चढवतच नाहीत आणि साठा उण्यात जातो. ओळखायची खूण सोपी आहे. वस्तूवार नफ्याची यादी लावा आणि ज्यांचा नफा चाळीस टक्क्यांच्या वर किंवा शून्याच्या खाली आहे त्या ओळी पाहा. किराण्यात असं खरोखर घडणं विरळा. बहुतेक वेळा खरेदीची नोंद चुकलेली सापडते.

भाव एकदम हलतो तेव्हा आणखी एक भ्रम होतो. १४ सप्टेंबर २०२४ पासून खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीस टक्के-गुणांनी वाढलं आणि बाजारात तेल चढलं. ज्यांच्याकडे जुन्या भावाचे डबे होते त्यांचा त्या आठवड्यातला नफा फुगला. पण विकलेल्या डब्याच्या जागी नवा डबा चढ्या भावानेच आणायचा असतो, म्हणजे तो फुगवटा गल्ल्यात न थांबता पुढच्या खरेदीत जातो. अशा आठवड्यात कागदावर नफ्याशेजारी ‘तेलाचा भाव वाढला’ एवढे तीन शब्द हाताने लिहून ठेवावेत. घरच्या खर्चाला पैसे काढायला हा नफा नाही, हे मालकाला त्यावरून कळतं.

तुलना कशाशी करायची हाही प्रश्न आहे. किराण्याचा महिना पगारावर चालतो. पहिल्या दहा दिवसांत महिन्याचा बाजार होतो, शेवटच्या आठवड्यात पाव किलो आणि पाच रुपयांच्या पुड्या. या आठवड्याची मागच्याशी तुलना केली की महिन्यातून एकदा फुकटचा आनंद आणि एकदा फुकटची चिंता. म्हणून मागच्या चार आठवड्यांची सरासरी समोर ठेवावी. त्यात महिन्याचे जवळजवळ सगळे रंग येतात. मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना तर सणासुदीला पूर्ण चुकते. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ते ८ नोव्हेंबरला गेलं. तारखेला तारीख लावली तर रव्या-साखरेच्या ऐन हंगामासमोर फराळ संपून गेलेला आठवडा येतो. शीटमध्ये ‘लक्ष्मीपूजनाआधी कितवा आठवडा’ असा एक रकाना ठेवला की पुढच्या वर्षी ऑर्डर करताना तोच कामाला येतो.

बांधणीला काही मोठं लागत नाही. गूगल शीटमध्ये चार पानं: विक्री, साठा, उधारी आणि पाटी, म्हणजे मालकाच्या हाती जाणारं पान. बिलिंग प्रोग्राममधून आठवड्याची विक्री एक्सेलमध्ये काढून पहिल्या पानाखाली चिकटवायची. A मध्ये तारीख, B मध्ये वस्तू, C मध्ये नग किंवा किलो, D मध्ये कर वगळून रक्कम, E मध्ये कर वगळून एका नगाची खरेदी, आणि F मध्ये D वजा C गुणिले E. पाटीवर B1 ला आठवड्याची पहिली तारीख, B2 ला शेवटची. नफ्याचं सूत्र हे:

```
=SUMIFS('विक्री'!F:F,'विक्री'!A:A,">="&B1,'विक्री'!A:A,"<"&B2+1)
```

शेवटी `"<="&B2` न लिहिता `"<"&B2+1` लिहिण्याचं कारण आहे. बऱ्याच प्रोग्राममध्ये तारखेला वेळ चिकटलेली असते. B2 म्हणजे सोमवार सुरू होतानाची मध्यरात्र, म्हणून `<=` लिहिलं की सोमवारची सगळी विक्री गळते. आकडा दर आठवड्याला साधारण सातवा हिस्सा कमी येतो, नेहमीच कमी येतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

दुसरी खोड तारखेच्या उलटापालटीची. शीटची भाषा-प्रांत सेटिंग अमेरिकेची राहिली तर ०५-०१-२०२६ हे पाच जानेवारी न राहता एक मे होतं, आणि १३-०१-२०२६ मात्र तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. खूण डोळ्यांना दिसते: खऱ्या तारखा चौकोनात उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले तर चिकटवलेली विक्री काढून `File > Settings > Locale` मध्ये `India` निवडायचं आणि पुन्हा चिकटवायचं.

आकड्यांत स्वल्पविराम लाखाच्या जागी हवा. २१८,००० असं छापलं की शेठना थांबून मोजावं लागतं. लाखाची मांडणी आपोआप येत नसेल तर त्या चौकोनांना हा साचा द्यावा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

उणे लाखाला हा साचा चुकतो. पण या कागदावर उणे लाख आला तर स्वल्पविरामापेक्षा मोठी काळजी आहे.

साठ्याचा आकडा नगांत न दाखवता दिवसांत दाखवावा. ‘साखर ९० किलो’ यातून काहीच कळत नाही. ‘साखर साडेचार दिवस’ यातून सगळं कळतं. गेल्या अठ्ठावीस दिवसांत ५६० किलो गेली, म्हणजे रोज २०. हाती ९०, म्हणून साडेचार दिवस. आता ऑर्डर किती? मंगळवारी सांगितलेला माल गुरुवारी येतो आणि त्यानंतरचा पुढच्या गुरुवारी, म्हणजे नऊ दिवस काढायचे. वर दोन दिवसांची शिलकी धरली तर अकरा दिवसांची २२० किलो. हाती ९०, कमी पडतात १३०, म्हणून पन्नास किलोची तीन पोती. पाटीवर यातलं फक्त शेवटचं उत्तर यावं: ‘साखर, ४.५ दिवस, ३ पोती’. अशा सात ओळी पुरेत. आठवी ओळ आली की यादी वाचली जात नाही.

इथे एक सापळा आहे. माल संपलेला असतानाचे दिवस सरासरीत धरले की मागणी कमी दिसते. अठ्ठावीस दिवसांत ४०० किलो विकली पण त्यातले आठ दिवस साखरच नव्हती, तर २८ ने भागून रोजचे १४ किलो येतात, २० ने भागून २०. पहिला आकडा धरून मागवलं की पुन्हा संपते, सरासरी पुन्हा घसरते, आणि दुकान हळूहळू स्वतःचंच गिऱ्हाईक शेजारच्याकडे पाठवतं. उपाय एवढाच की माल संपला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वस्तूचं नाव लिहायचं. कॉम्प्युटरला हे आपोआप कळत नाही, कारण त्याच्या हिशेबात साखर कधी संपलेलीच नसते.

ते का, हे किराणा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. गर्दीत पाच-दहा रुपयांची बिलं फाडली जात नाहीत. सुट्ट्या डाळीत घट येते, पोत्याच्या तळाला कचरा राहतो. घरी स्वयंपाकाला लागलेलं तेल थेट दुकानातून उचललं जातं. त्यामुळे अकराशे वस्तूंचा साठा कागदावर बरोबर ठेवायची प्रतिज्ञा करू नये. जास्त खपणाऱ्या चाळीस वस्तू निवडाव्यात, सोमवारी रात्री दोघांनी मिळून मोजाव्यात आणि साठ्याच्या पानावर थेट लिहाव्यात. एकाने मोजायचं, दुसऱ्याने टिपायचं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. उघड्या पोत्याचा अंदाज चारपाच किलोने चुकला तरी दिवसांच्या हिशेबात फरक पडत नाही.

उधारीची एकूण रक्कमही अशीच दिशाभूल करते. महिनाअखेरीला ती वाढतेच आणि सात तारखेला उतरतेच. ‘दादा, पगार झाला की देतो’ हा वायदा नाही, महिन्याचा क्रम आहे. मालकाला फोन करायला उपयोगी पडतो तो वेगळा आकडा: गेल्या पस्तीस दिवसांत ज्यांनी एक रुपयाही दिलेला नाही अशांकडची बाकी, आणि त्यातली मोठी पाच नावं. पस्तीस यासाठी की त्यात एक पगार नक्की होऊन गेलेला असतो. पण या चाळणीतून एक जण निसटतो. तो दर महिन्याला हसत येतो, पाचशे देतो आणि दोन हजारांचा माल नेतो. त्याच्यासाठी दुसरी अट लागते: बाकी त्याच्या दोन महिन्यांच्या खरेदीपेक्षा जास्त झाली की नाव वर. ही यादी असलेला कागद काउंटरवर चिकटवू नये. लोकांची उधारी चारचौघांत टांगलेली गावाला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पडून राहिलेल्या मालाला दोन ओळी पुष्कळ: पंचेचाळीस दिवसांत एकही नग न गेलेल्या मालाची खरेदी-किंमत, आणि त्यातला ज्याची मुदत पुढच्या साठ दिवसांत संपते असा माल. सेल्समन बदलून देतो का, हे मंगळवारी ऑर्डर देण्याआधी विचारायचं. ऑर्डर लिहून झाल्यावर त्याला घाई असते.

रोकडीची ओळ मात्र हाताने भरावी लागते. गल्ला, बँकेतली शिल्लक (यूपीआयचे पैसे तिथेच जातात, म्हणून गल्ला रोडावलेला दिसतो), आणि समोर येत्या सात दिवसांत द्यायचे चेक, भाडं, पगार. दरमहा विवरण भरणाऱ्यांना वीस तारखेचा जीएसटीही त्यात धरावा लागतो. समजा हाती ६८,००० आणि देणी ८१,०००. तेरा हजार कमी. मग त्याच कागदावर वर पाहायचं: थकलेल्या पाच नावांकडे १७,४०० आहेत, आणि ऑर्डरमधल्या कोणत्या दोन वस्तू पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू शकतात. पाचही आकडे एकाच पानावर हवेत ते यासाठी.

हा कागद लिंक म्हणून पाठवू नये. पाटीचं पान मोबाईलच्या पडद्यात न वाढवता वाचता येईल एवढंच ठेवावं आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवावा. हवं तर ए-चारवर छापावं. लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये, कारण काळ्या छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. त्यापेक्षा ‘कमी’, ‘ठीक’, ‘जास्त’ हे शब्द लिहावेत. अगदी वर शेवटच्या बिलाची तारीख आणि वेळ:

```
=MAX('विक्री'!A:A)
```

तिथे शनिवारची तारीख दिसली तर विक्री चिकटवायची राहिली आहे, आणि खालचा नफा वाचायचा नाही.

प्रत्येक ओळीशेजारी एक रिकामा चौकोन सोडावा, ‘काय केलं’ म्हणून. मालकाने पेनाने लिहायचं: ‘तांदूळ ५४ केला’, ‘फोन केला, शुक्रवारी देतो म्हणाला’, ‘चहा दोन पेट्या’. आठ आठवड्यांचे कागद एका पिनेत लावून चाळले की कुठला चौकोन सलग कोरा राहिला ते दिसतं. ती ओळ काढून टाकायची. पडून राहिलेल्या मालाची ओळ बहुधा आधी जाते, आणि दिवाळीच्या महिनाभर आधी मालक ती स्वतःहून परत मागतो.